त्यांच्या हातचं ठिगळ

सायकलचं पंक्चर काढायला आधी धीर लागतो, अक्कल नंतर. हे म्हणणं माझं नाही, माझ्या नवऱ्याचं. मी पुढे मास्तरीण झाले, शाळेतल्या मुलींना गणित, भूगोल शिकवता शिकवता पंक्चर काढायलाही शिकवलं, आणि दरवेळी हेच वाक्य माझ्या नावावर खपवलं. मुलींना काय, बाईंच्या तोंडून आलं म्हणजे बाईंचंच.

लग्न होऊन मी अमळनेरहून असोद्याला आले तेव्हा सासरची माणसं माझ्या बोलण्याला हसत. मी ‘शे’ म्हणायचे, ही मंडळी ‘हाये’ म्हणायची. माझे वडील अमळनेरला तेलाच्या कारखान्यात होते, त्यांच्या सायकलवर मी लहानपणीच दांडीखालून पाय घालून चालवायला शिकले होते. ही गोष्ट लग्न ठरवताना कोणी सांगितली नाही. विचारलंच नाही तर कशाला सांगायचं?

नवऱ्याला मात्र मी पहिल्याच महिन्यात सांगितलं. ते जळगावला एका जिनिंग प्रेसमध्ये कारकून होते आणि रोज सायकलने जात-येत. त्यांना रागबिग काही आला नाही. उलट पुढच्या वेळी पंक्चर झालं तेव्हा त्यांनी मला अंगणात बोलावलं आणि म्हणाले, चालवता सगळ्यांनाच येते, काढून दाखव. त्यांच्या कपाटात पत्र्याची एक चपटी डबी होती; कामावर जाताना ती खिशात आणि पंप सायकलच्या दांडीला असे. तिच्यात सोल्युशनची नळी, ज्याला आमच्याकडे सगळे सुलोचन म्हणत, रबराची ठिगळं, आणि झाकणालाच किसणीसारखे दाते पाडलेली जागा. ती डबी ते देवाच्या कुंकवाच्या करंड्यासारखी जपत. नळीचं झाकण उघडं राहिलं तर मात्र त्यांचा पारा चढे, कारण हवा लागली की सुलोचन वाळून खडा होतो. एरवी आवाज न चढवणारा माणूस तेवढ्यावरून दोन दिवस गाल फुगवून बसायचा.

दुसरी गोष्ट म्हणजे त्यांचं थांबणं. सुलोचन लावला की लगेच ठिगळ चिकटवायचं नाही. तो ओला दिसतो तोवर हात बांधून बसायचं. मी घाई केली की म्हणायचे, “उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग.” मी म्हणायचे, इथे नवरा तुम्ही आहात. मग दोघंही त्या ट्यूबकडे बघत हसत बसायचो, आणि सासूबाई ओट्यावरून विचारायच्या की त्या रबरात एवढं काय पाहण्यासारखं आहे.

असे ते दिवस होते आणि ते फार टिकले नाहीत.

जळगावहून असोद्याला येताना तेव्हा वाटेत एक नाला लागायचा. नाल्यावर बाभळी दाट, आणि बाभळींखाली एक डोह, जो भर उन्हाळ्यातही आटत नसे. डोह आटत नाही म्हणजे तिथे आसरा आहेत, हे गावाने ठरवूनच टाकलेलं. आसरा म्हणजे पाण्यात राहणाऱ्या सात बायका. त्यांना नैवेद्य दिला तर त्या राखतात, आणि एखादं माणूस आवडलं तर ओढून नेतात. बाया तिथे हिरव्या बांगड्या आणि हळदकुंकू ठेवत. मी येता-जाता बघायची आणि मनात म्हणायची की सात जणींना एवढ्याशा डोहात दाटी होत असेल. तेव्हा मला थट्टा सुचत होती.

त्या वर्षी दसरा होऊन गेला होता आणि गावात घरोघरी हिवताप होता. एके दिवशी हे वेळेवर आलेच नाहीत. दिवेलागण झाली, सासूबाई चारदा दारात जाऊन आल्या. मग आले ते पायी, सायकल हाताने ढकलत, मागचं चाक रिमवर बसलेलं. अंगाला हात लावला तर चटका बसत होता. सायकल भिंतीला टेकवली आणि ते पडवीतच आडवे झाले. मग बडबड सुरू झाली. सारखं एकच, “बुडबुडा येतोय. अजून येतोय.” पाणी पाजायला भांडं तोंडाजवळ नेलं तर त्या पाण्याकडे बघूनही तेच.

दुसऱ्या दिवशी गाडीत घालून जळगावला दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले हिवताप मेंदूत गेला आहे. तिथून ते परत आले ते गाडीतच, पण आम्ही ज्यांना घेऊन गेलो होतो ते नव्हते.

तेरावं व्हायच्या आधीच खालच्या आळीतला एक गाडीवान सांगत आला. त्या संध्याकाळी त्याने यांना नाल्यावर पाहिलं होतं. डोहाच्या काठाला उकिडवे बसलेले, दोन्ही हात पाण्यात, हातात काहीतरी काळं, लांब, सापासारखं, आणि तोंडाने आपलं आपल्याशीच बोलणं चाललेलं. त्याने दोन हाका मारल्या, यांनी मान वर केली नाही. तेव्हा त्याने बैलांच्या शेपट्या पिळल्या आणि मागे न बघता घर गाठलं. झालं. गावाला आणखी काय पाहिजे? पाण्याशी बोलत होते, बुडबुडे दिसत होते. आसरांनीच नेलं. डॉक्टरांचा ताप खरा, पण तो ताप लावला कोणी, असं बाया एकमेकींना विचारत आणि एकमेकींना उत्तर देत.

सासूबाईंनी ते ऐकलं आणि घट्ट धरलं. दर अवसेला त्या नैवेद्य घेऊन नाल्यावर जाऊ लागल्या. कशाला, असं मी एकदा विचारलं. आता त्याला त्यांनी नीट ठेवावं म्हणून, असं त्या म्हणाल्या.

सायकलला हात लावायची कोणाला परवानगी नव्हती. आबांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, ती पडवीच्या आढ्याला दोरीने टांगून ठेवली. वारं सुटलं की मागचं चाक हळूच पुढे सरकायचं आणि त्याच्या फिरकीचा टिक-टिक आवाज यायचा. स्वयंपाकघरात मी भाकरी थापत असले तरी हात थांबायचा. ते घरी आले की अंगणात सायकल ढकलताना हाच आवाज व्हायचा. सासूबाई चुलीपुढून दाराकडे बघायच्या, मी त्यांच्याकडे बघायची, आणि दोघीही पुन्हा कामाला लागायचो.

मी शिकलेली होते, सातवीची फायनलची परीक्षा पास झालेली. आसराबिसरांवर माझा विश्वास नाही असं मी कोणालाही सांगितलं असतं. पण वरणाला उकळी फुटली की मी भांड्यावर झाकण टाकायची. ते बुडबुडे मला बघवत नसत. शेवटी शेवटी त्यांनी माझं नाव घेतलं नाही, आईचं घेतलं नाही, बुडबुड्याचं घेतलं. कोणाशी बोलत होते ते? हा प्रश्न माझ्या मानगुटीवर बसला होता आणि मी गावाला भोळं म्हणून हसायची.

वर्षश्राद्ध झालं. त्यापुढच्या उन्हाळ्यात जळगावला मास्तरणींच्या ट्रेनिंगच्या वर्गात माझी निवड झाल्याचं कळलं. निवड आबांनीच करवली म्हणायची, अर्ज तेच घेऊन गेले होते. केळीच्या बागेत राबणारा माणूस, बोलणं कमी. सून अशी खोलीत बसून वाळायला नको, एवढंच ते म्हणाले होते. वर्ग सोमवारी सुरू होणार होता. अडचण जाण्यायेण्याची. सकाळची मोटर होती ती वर्ग भरल्यावर पोचायची, आणि संध्याकाळची मिळेल याचा नेम नाही. रोज पायी जाऊन-येऊन घरचं कामही करायचं म्हणजे कठीण. राहिली सायकल.

मी नाव काढलं आणि सासूबाईंनी ताट सरकवलं. त्या भांडल्या नाहीत. त्या म्हणाल्या की शिकायला नको म्हणत नाही, पण त्या चाकावर बसून त्या नाल्यावरून तू जायचं नाही. ते चाक आसरांनी ओळखून ठेवलं आहे. जळगावचा दुसरा रस्ता नव्हता आणि घरात दुसरी सायकल नव्हती. त्यामुळे न भांडताही त्यांनी माझं दार लावलंच. मला त्यांचा राग आला. आणि खरं सांगायचं तर भीतीही वाटली, की त्यांचंच बरोबर असेल तर?

शनिवारी आबा बाजाराला गेले होते. येताना त्यांनी काही न बोलता सुलोचनची नवी नळी माझ्या हातावर ठेवली. रविवारी सकाळी सासूबाई मळ्यात केळीच्या कामाला बायका लावायला गेल्या, आणि आबांनी दोरी सोडून सायकल खाली घेतली. त्यांनी धरली, मी फिरवली, आणि ती सीटवर व हँडलवर उलटी उभी केली. पंक्चर काढताना चाक काढायची गरज नसते. नवशिके आधी पाना शोधतात आणि नटांशी झोंबतात. ज्या बाजूला साखळी नाही त्या बाजूने टायर सोडवलं तरी ट्यूब बाहेर येते.

आधी हवा भरायच्या वॉलचं तोंड उघडायचं, आतली खुंटी काढायची. खुंटीवर रबराची बारीक नळी असते, वॉलट्यूब, ती फाटली असेल तर पंक्चर नसतानाही हवा जाते, म्हणून ती पहिल्यांदा बघायची. ती चिरली होती, मी नवीन चढवली. मग वॉलला रिमशी धरून ठेवणारा नट सोडायचा. मग टायरची कड. तिला स्क्रू-ड्रायव्हरसारखं धारदार काही लावायचं नाही, नाहीतर एका भोकाची दोन होतात. मी पळीचा गुळगुळीत दांडा घातला, कड रिमवरून उचलली, आणि तिथून हाताने ओढत पुढे गेले. एकदा वीतभर बाहेर आली की पुढची सहज येते. मग आत हात घालून ट्यूब ओढायची, वॉल शेवटी.

ट्यूब बाहेर आली आणि माझे हात थांबले, कारण तिच्यावर एक ठिगळ होतं आणि ते अर्धं उचकटलेलं होतं.

जुनी ठिगळं मला पाठ होती. दोन त्यांनी लावलेली, एक मी. ती अशी बसलेली की नखाने कड सापडत नसे. हे ठिगळ मी कधी पाहिलं नव्हतं. मी डबी उघडली. त्यात सुलोचनची जुनी नळी होती, झाकण नाही, आतला सुलोचन वाळून खडा झालेला. नळीचं झाकण डबीत कुठेच नव्हतं. ज्या माणसाने झाकणावरून माझ्याशी अबोला धरला होता, त्याने ते कुठेतरी उघड्यावर टाकलं होतं.

मी ठिगळ उन्हाकडे धरून पाहिलं. खाली रबर घासलेलंच नव्हतं, तिथली चकाकी तशीच होती. सुलोचनचे ओघळ आलेले, म्हणजे वाळू दिला नव्हता. ट्यूबही ओलीच असणार. आणि ठिगळ मध्यावर नव्हतं, भोक त्याच्या कडेशी आलं होतं. पेन्सिलची खूण होती भोकाभोवती, ती फुली काढायला गेले होते, पण दोन रेघा एकमेकींना मिळाल्याच नव्हत्या. एरवी त्यांचं अक्षर छापल्यासारखं असे.

मग मला सगळं दिसलं. चाक नाल्याजवळ बसलं असेल. डोहाशी ते गेले ते पाण्यासाठी, कारण भोक शोधायला पाणी लागतं. गाडीवानाने पाहिलेला काळा साप म्हणजे ही ट्यूब. बुडबुडा येतोय म्हणजे भोक सापडलं. अजून येतोय म्हणजे ठिगळ धरत नाही. ते पाण्याशी बोलत नव्हते, कामाशी बोलत होते, नेहमी बोलत तसे. थंडी वाजून हात कापत होते, दम नव्हता, थांबवत नव्हतं. कोणी त्यांना ओढून नेलं नव्हतं. ते तिथे बसून घरी यायची खटपट करत होते.

मी पदर तोंडात धरून रडले. दीड वर्ष मी त्या बुडबुड्यांना भ्याले होते. बाजूला आबा उभे होते. त्यांना मी ठिगळ दाखवलं आणि सांगितलं. आता गाडीवानाला बोलावते, बायांना बोलावते, सासूबाईंना तर आधी दाखवते, हे सगळं मी एका दमात म्हणाले. माझा रस्ता मोकळा झाला होता. माझ्या हातात पुरावा होता.

आबांनी ट्यूब हातात घेतली, अंगठ्याने त्या फुलीवरून हात फिरवला. मग खाली बघत म्हणाले, “त्या दिशी सकायीच अंग दुखत व्हतं त्याचं. तो निजून राहात व्हता. तुह्या सासूनं उठोलं. म्हने, खाडा करू नको, जाय.” त्यांनी ट्यूब माझ्या हातात परत दिली. “आसरा हायेत म्हून ती जेवते, पोरी. तिले हे दाखवू नको.”

मला रागच आला, की सगळ्यांना सांभाळायचं ते मीच का. आसरा नाहीत हे सिद्ध केलं की मी मोकळी होत होते, आणि सासूबाई? तापलेल्या मुलाला उठवून पाठवणारी आई होऊन त्यांनी उरलेले दिवस काढायचे. गाव त्यांना तोंडावर काही बोललं नसतं. पण रात्रंदिवस आपल्या मनाशी बोलायला त्यांना गाव लागलं नसतं.

मी आबांना म्हटलं, परातीत पाणी आणा.

खुंटी परत घालून मी ट्यूबमध्ये थोडी हवा भरली, आणि ती परातीतल्या पाण्यात हळूहळू बुडवत फिरवली. पाण्याखाली धरून प्रत्येक तुकडा जरा ताणायचा, भोक लहान असलं तर ताणल्याशिवाय बोलत नाही. ठिगळाच्या कडेखालून बुडबुडे आले, एकामागे एक, बारीक. मी ते पाहिले. पूर्ण फेरी झाली, दुसरीकडे कुठे नव्हते. एक भोक सापडलं म्हणून थांबू नये, सगळी ट्यूब बघावी.

मग हवा सोडली, ट्यूब फडक्याने कोरडी केली. आता करायचं ते सोपं होतं आणि मला करवत नव्हतं. जुनं उचकटलेलं ठिगळ तसंच ठेवून वरून दुसरं लावता येत नाही, ते धरत नाही. ते ओढून काढावं लागतं आणि खालचा सुलोचन खरवडून साफ करावा लागतो. मी कड धरली. ते फारसा प्रतिकार न करता निघालं. ते मी बाजूला ठेवलं आणि डबीच्या झाकणावरच्या किसणीने घासायला लागले. त्यांचे ओघळ गेले. त्यांची ती अर्धवट फुली गेली. त्यांच्या हातचं शेवटचं जे काही या जगात होतं ते मी माझ्या हाताने घासून काढलं, आणि काळी भुकटी फडक्याने पुसली. घासलेली जागा ठिगळापेक्षा जरा मोठी हवी, आणि घासल्यावर तिला बोट लावायचं नाही, बोटाला तेल असतं.

सुलोचनचा पातळ हात फिरवला, नळीचं झाकण घट्ट लावलं, आणि थांबले. फुंकर मारायची नाही, तोंडाची वाफ लागते. चकाकी जाऊन सुलोचन मंद दिसू लागला, कडेला बोट लावलं तर तार येईना, मग ठिगळाच्या पाठीचं कापड सोलून ते मध्यावर ठेवलं आणि मधून कडांकडे दाबत नेलं. वर वाटीच्या बुडाने घासलं. कडांना खडूची पूड लावली, नाहीतर उरलेला सुलोचन टायरला आतून चिकटतो.

यानंतर लोक टायर चढवतात आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पंक्चर काढतात. ज्याने भोक पाडलं तो अजून आतच असतो. मी टायरच्या आतून बोटं फिरवली, सावकाश, कारण तो सापडतो तेव्हा बोटातच सापडतो. बाभळीचा काटा होता, बाहेर नुसता काळा ठिपका, आत बोचणारं टोक. तोही त्यांनी काढला नव्हता. म्हणजे ठिगळ नीट बसलं असतं तरी चाक पुन्हा बसलं असतं. मी तो सांडशीने ओढला आणि ओट्यावर ठेवला.

ट्यूबमध्ये नावाला हवा भरली, म्हणजे तिला पीळ पडत नाही. आधी वॉल भोकातून बाहेर काढून नट नुसता अडकवला, मग ट्यूब आत सारत गेले आणि टायरची कड अंगठ्यांनी रिममध्ये बसवली. शेवटचा तुकडा कठीण जातो, तेव्हा पळी घ्यायचा मोह होतो, घेऊ नये. ट्यूब कडेखाली चिमटत नाही ना ते चाकभर बघितलं, नट आवळला आणि पंप मारला. आबांनी अंगठ्याने टायर दाबून पाहिलं आणि मान हलवली.

सासूबाई तेवढ्यात दारात आल्या. सायकल उलटी, परातीत पाणी, माझे हात काळे. मला वाटलं आता आकांत होणार. त्या आत येऊन ओट्यावर बसल्या आणि विचारलं, “काय निंघालं?”

मी काट्याकडे बोट केलं. “बाभळीचा काटा. दुसरं काही नाही.”

“आन् ठिगय?”

मी आबांकडे पाहिलं. ते परात उचलून परसात निघून गेले होते. मी म्हटलं, कसलं ठिगळ.

सासूबाईंनी माझा काळा हात आपल्या हातात घेतला आणि बोटांवरचा सुलोचन अंगठ्याने चोळला. “त्या रातच्याले त्याच्या बोटांले असंच चिकट लागेल व्हतं,” त्या म्हणाल्या. “म्या घासलेट लावून पुसलं. तव्हाच समजलं मले, तो तठी काय करत बसला व्हता ते.”

त्यांना पहिल्या रात्रीपासून ठाऊक होतं. दर अवसेचे ते नैवेद्य त्या ठाऊक असूनच घेऊन जात होत्या. माझ्या डोळ्यांना पाणी आलं, पण त्यांचे डोळे कोरडे होते. त्यांनी हात पुढे केला. मी ते जुनं ठिगळ त्यांच्या तळव्यावर ठेवलं. त्यांनी ते पदराच्या टोकात बांधलं, गाठ दातांनी ओढली आणि कमरेला खोचली.

“तू शिक. जाय त्या चाकावर,” त्या म्हणाल्या. “पर नाल्यावर उतरून चालत जाजो, आन् हात जोडजो. गावात कोनी पुसलं तं आसराच म्हनजो. तुह्या सासऱ्यांलेबी आसराच सांग. मले तेवढ्या राहू दे.”

मी हो म्हटलं.

सोमवारी सकाळी निघाले. नाला आला तशी सायकलवरून उतरले. बाभळींखाली डोह गप्प होता. मागे वळून पाहिलं तर दूर आमच्या मळ्याच्या बांधावर त्या उभ्या होत्या, कमरेवर हात ठेवून. मी त्यांना दिसतील असे हात वर करून पाण्याला जोडले, आणि सायकल हाताने ढकलत नाल्यापलीकडे नेली.